चिप कधीच 'नाही' म्हणत नाही

आठ पायांची, नखावर मावेल एवढी काळी चिप. वायफाय राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा, संगणकाचा मदरबोर्ड, यांपैकी काहीही उघडलं तर आत ती सापडण्याची शक्यता मोठी. यंत्र बंद केलं तरी त्याचा प्रोग्राम, सेटिंग आणि नोंदी जपून ठेवणारी ही सीरियल फ्लॅश मेमरी. विनबाँड या तैवानी कंपनीची W25Q64 ही त्यातली फार वापरली जाणारी चिप. क्षमता आठ मेगाबाइट. मायक्रोकंट्रोलरशी ती मोजक्या तारांवरून बोलते: एक तार क्लॉकची, एक डेटा आत नेणारी, एक बाहेर आणणारी आणि एक चिप सिलेक्टची. चिप सिलेक्ट खाली गेली की चिप ऐकायला लागते आणि वर गेली की बोलणं संपलं असं समजते.

हे बोलणं सांभाळणारा सॉफ्टवेअरचा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. सगळा मिळून दोन-तीनशे ओळींचा. वाचण्याची बाजू तर फारच सोपी. चिप सिलेक्ट खाली ओढा, 0x03 हा बाइट पाठवा, पाठोपाठ तीन बाइटांचा पत्ता द्या आणि क्लॉक चालू ठेवा. बाइट एकामागून एक बाहेर येत राहतात. मात्र लिहायला गेलं की खरी गंमत सुरू होते. चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने दिलेला लिहिण्याचा हुकूम ही चिप नाकारत नाही, त्याबद्दल तक्रारही करत नाही. ती तो नुसता सोडून देते. तारांवरून बाइट व्यवस्थित गेलेले असतात, फंक्शन बिनबोभाट परत आलेलं असतं आणि चिपमध्ये काहीही लिहिलेलं नसतं.

लिहिणं वेगळं, पुसणं वेगळं

असं का, ते कळण्यासाठी थोडं आत डोकवायला हवं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश मेमरीचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्यात चहूबाजूंनी इन्सुलेटरमध्ये बंद केलेला एक छोटा थर. या थरात इलेक्ट्रॉन कोंडले की तो बिट ० वाचला जातो, ते काढून घेतले की १. कोंडण्याचं काम प्रत्येक बिटासाठी स्वतंत्रपणे करता येतं. काढण्याचं काम मात्र हजारो बिटांवर एकदमच होतं, कारण त्यासाठी लागणारा व्होल्टेज त्या सगळ्यांच्या सामाईक तळाला द्यावा लागतो.

म्हणून लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ होत नाही. एसटीच्या जुन्या तिकिटासारखं हे आहे. कंडक्टर पंचने भोक पाडू शकतो, पाडलेलं भोक बुजवू शकत नाही. त्यासाठी कोरं तिकीटच घ्यावं लागतं. इथे कोरं करण्याचं किमान माप आहे ४०९६ बाइट, म्हणजे एक सेक्टर. पुसलेल्या सेक्टरमधला प्रत्येक बाइट 0xFF वाचला जातो, सगळे बिट १. लिहिण्याचं कमाल माप मात्र याहून बरंच लहान आहे: एका वेळी २५६ बाइट, म्हणजे एक पेज. एका सेक्टरमध्ये अशी सोळा पेजं बसतात आणि W25Q64 मध्ये असे २०४८ सेक्टर असतात.

परवानगी एकदाच चालते

लिहिणं आणि पुसणं ही दोन्ही कामं विध्वंसक आहेत. वीज येताना-जाताना तारांवर जी खळबळ होते, तिच्यातून चुकून एखादा पुसण्याचा हुकूम तयार झाला तर चार किलोबाइट गेलेच म्हणायचे. म्हणून चिपच्या आत राइट इनेबलचं एक कुलूप आहे. चिपच्या स्टेटस रजिस्टरमधला दुसरा बिट या कुलपाची स्थिती सांगतो. वीज आल्यावर तो ० असतो. 0x06 हा हुकूम दिला की १ होतो आणि त्यानंतरच लिहिण्याचा किंवा पुसण्याचा हुकूम मानला जातो. काम संपलं की चिप तो बिट आपणहून ० करते. परवानगी एका कामापुरतीच असते, पुढच्या कामासाठी पुन्हा मागावी लागते.

```c
void write_enable(void) {
    cs_low();
    spi_send(0x06);
    cs_high();
}
```

या तीन ओळींपैकी नवख्या माणसाला अनावश्यक वाटते ती शेवटची. लगेच पुढचा हुकूम द्यायचाच आहे, तर चिप सिलेक्ट वर करून पुन्हा खाली कशाला आणायची? पण चिपच्या लेखी हुकूम पूर्ण होतो तो चिप सिलेक्ट वर जाताना. 0x06 ला जोडूनच 0x02 पाठवला तर परवानगीही मिळत नाही आणि लेखनही होत नाही.

चिप सिलेक्ट वर जाण्याच्या वेळेत आणखी एक गोम आहे. शेवटच्या बाइटचे आठही बिट चिपपर्यंत पोचल्यावरच ती वर जायला हवी. अनेक मायक्रोकंट्रोलरांमध्ये, उदाहरणार्थ एसटीएम३२ मध्ये, 'पाठवण्याचा बफर रिकामा झाला' आणि 'तारेवरचं प्रसारण संपलं' हे दोन वेगळे बिट असतात. पहिला बिट पाहून घाईने चिप सिलेक्ट उचलली की शेवटचा बाइट अर्धवट तुटतो आणि चिप तो अख्खा हुकूम सोडून देते. क्लॉक मंद असताना ही चूक दर वेळी दिसते. क्लॉक वाढवला की कधी दिसते, कधी लपते, आणि माणूस सोल्डरिंगवर संशय घेत बसतो.

तपासणं मात्र सोपं आहे. 0x06 पाठवल्यावर 0x05 हुकुमाने स्टेटस वाचा. ते 0x02 आलं तर कुलूप उघडलं. 0x00 आलं तर परवानगीच पोचलेली नाही, पुढचं काही शोधण्यात अर्थ नाही.

पेजच्या काठावर

आता एक नेमकं उदाहरण घेऊ. शीतगृहाचं तापमान नोंदवणारं एक यंत्र आहे. दर पाच मिनिटांनी ते २४ बाइटांची एक नोंद करतं: सुरुवातीला वेळ, मग चार कोपऱ्यांची तापमानं, आर्द्रता, काँप्रेसरची स्थिती आणि सगळ्यात शेवटी चेकसम. नोंदी शून्य पत्त्यापासून एकापुढे एक लिहायच्या. सेक्टर आधी पुसलेला आहे, प्रत्येक नोंदीआधी परवानगी घेतलेली आहे. लिहिण्याचा हुकूम 0x02, मग तीन बाइटांचा पत्ता, मग नोंदीचे २४ बाइट.

सकाळी दहाला पहिली नोंद होते. लिहिल्याबरोबर वाचून पाहिली, बिनचूक. दहाव्या नोंदीपर्यंत असंच चालतं. दहा नोंदींचे २४० बाइट झाले. अकरावी नोंद दहा पन्नासला, पत्ता 0xF0. या पेजमध्ये आता १६ बाइटांचीच जागा उरली आहे. उरलेले आठ बाइट पुढच्या पेजमध्ये जातील असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. पेज प्रोग्रामच्या हुकुमात पत्त्याचे फक्त शेवटचे आठ बिट पुढे सरकतात. 0xFF नंतर ते 0x00 वर येतात, पण पेज तेच राहतं. म्हणजे ते आठ बाइट जाऊन पडतात त्याच पेजच्या डोक्यावर, जिथे दहा वाजताची नोंद आहे.

आणि तिथे ते जुन्या मजकुराची जागा घेत नाहीत. तिकिटावर आणखी भोकं पडतात, एवढंच. पहिल्या नोंदीचा पहिला बाइट 0x5A होता आणि अकराव्या नोंदीतला सतरावा बाइट 0xA3 आहे असं धरू:

```
0x5A   0101 1010
0xA3   1010 0011
----------------
0x02   0000 0010
```

जिथे दोन्हींकडे १ आहे तिथेच १ उरतो. 0x02 हा बाइट पहिल्या नोंदीत नव्हता आणि अकराव्या नोंदीतही त्या जागी नव्हता. दोन खऱ्या आकड्यांतून तिसराच खोटा आकडा तयार झाला. त्यामुळे दहा वाजताच्या नोंदीची वेळ बिघडली आणि अकराव्या नोंदीचे शेवटचे आठ बाइट, चेकसमसकट, 0xFF वाचले जाऊ लागले.

बाविसाव्या नोंदीला हेच पुन्हा होतं. ती सुरू होते 0x1F8 ला, तिचे आठच बाइट दुसऱ्या पेजमध्ये मावतात आणि उरलेले सोळा मागे वळून बाराव्या नोंदीची सुरुवात खराब करतात. तेहतिसावी नोंद बरोबर चौथ्या पेजच्या सुरुवातीला येते आणि चक्र नव्याने सुरू होतं. दर बत्तीस नोंदींमागे चार खराब: पहिली, अकरावी, बारावी आणि बाविसावी. बाकी अठ्ठावीस निर्दोष. असं ठरावीक अंतराने येणारं बिघाडाचं चित्र दिसलं तर तारा आणि वीज तपासण्याआधी पेजची हद्द तपासावी. पहिली नोंद लिहिल्याबरोबर केलेली तपासणी इथे कामाला आली नाही, हेही लक्षात घ्या. तेव्हा ती नोंद बरोबरच होती. पन्नास मिनिटांनी तिच्यावर दुसरं कुणीतरी लिहिलं.

उपाय म्हणजे हद्दीवर तुकडे पाडणं:

```c
while (len > 0) {
    uint32_t n = 256 - (addr & 0xFF);
    if (n > len) n = len;
    write_enable();
    page_program(addr, buf, n);
    if (wait_ready(5) != 0) return -1;
    addr += n;  buf += n;  len -= n;
}
```

पहिल्या ओळीत या पेजमध्ये किती जागा उरली ते काढलं आहे. लिहायचं त्याहून कमी असेल तर तेवढंच घ्यायचं. write_enable चक्राच्या आत आहे, कारण परवानगी एका तुकड्यापुरतीच मिळते. ती बाहेर ठेवली तर पहिला तुकडा लिहिला जातो आणि पुढचे सगळे मुकाट्याने गळतात.

चिप कामात असताना

चिप सिलेक्ट वर गेली की लेखन संपत नाही, ते तिथे सुरू होतं. तोपर्यंत बाइट फक्त चिपच्या आतल्या तात्पुरत्या बफरमध्ये जमा झालेले असतात. W25Q64JV च्या डेटाशीटनुसार एक पेज लिहायला सामान्यतः ०.४ मिलिसेकंद लागतात, जास्तीत जास्त तीन. सेक्टर पुसायला सामान्यतः ४५ मिलिसेकंद आणि जास्तीत जास्त ४००. या काळात स्टेटसचा पहिला बिट, बिझी फ्लॅग, १ असतो. तोवर चिप स्टेटस सांगते, चालू काम थोपवण्याचा हुकूम मानते आणि बाकी कशाकडेही लक्ष देत नाही. वाचायला गेलं तर अर्थहीन बाइट मिळतात. 0x06 पाठवला तर तोही वाया जातो.

एका लेखनाच्या आगेमागे स्टेटस सतत वाचत राहिलं तर आकडे या क्रमाने दिसतात: आधी 0x00, परवानगीनंतर 0x02, काम चालू असेपर्यंत 0x03, काम संपल्यावर पुन्हा 0x00. हा क्रम एकदा डोळ्यांनी पाहिला की ड्रायव्हरचा निम्मा भाग सिद्ध झाला असं धरायला हरकत नाही.

काही जण फ्लॅगच्या भानगडीत न पडता ठरावीक वेळ थांबतात. पुसल्यावर पन्नास मिलिसेकंद थांबायचं आणि पुढे जायचं. टेबलावरच्या नव्या चिपवर हे महिनोन् महिने चालतं. पण पंचेचाळीस ही सामान्य वेळ आहे, वचन नव्हे. चिप जुनी होत जाते तसा पुसायला वेळ जास्त लागू लागतो. कधीतरी साठ लागतात आणि त्या दिवशीची पहिली नोंद गायब होते. दर वेळी चारशे थांबावं, तर यंत्र विनाकारण अडकून पडतं. विचारत राहणं हाच बरा मार्ग, पण विचारण्यालाही मर्यादा हवी:

```c
int wait_ready(uint32_t limit_ms) {
    uint32_t start = now_ms();
    while (read_status() & 0x01) {
        if (now_ms() - start > limit_ms)
            return -1;
    }
    return 0;
}
```

ही मर्यादा डेटाशीटमधल्या कमाल वेळेपेक्षा थोडी जास्त ठेवायची, पेजसाठी ५ आणि सेक्टरसाठी ५०० मिलिसेकंद. ती नसेल आणि चिपकडून येणारी तार तुटली, तर ती तार १ वर तरंगू शकते. मग स्टेटस कायम 0xFF दिसतं, बिझी फ्लॅग कायम चढलेला आणि यंत्र कायमचं वाट पाहत बसलेलं. तार ० वर अडकली तर प्रकार अधिक वाईट. तेव्हा स्टेटस 0x00 येतं, म्हणजे 'मी मोकळी आहे', आणि ड्रायव्हर नसलेल्या चिपवर खुशाल लिहीत सुटतो. म्हणून यंत्र चालू होताना 0x9F हुकुमाने चिपची ओळख विचारतात. W25Q64 कडून EF, 40, 17 असे तीन बाइट यायला हवेत. EF म्हणजे विनबाँड आणि शेवटचा 17 क्षमता सांगतो.

या ओळखपरेडीच्याही आधी एकदा wait_ready हवं. समजा सेक्टर पुसणं चालू असताना वॉचडॉगने मायक्रोकंट्रोलर रीसेट केला. तो काही मिलिसेकंदांत पुन्हा उभा राहतो. पण चिपची वीज गेलेलीच नाही, ती अजून पुसतेच आहे. ओळख विचारली तर उत्तर येत नाही आणि यंत्र जाहीर करतं की मेमरी सापडली नाही. तंत्रज्ञ पाहायला येतो, बटण बंद करून चालू करतो आणि सगळं ठीक असतं.

पुसण्याचा हिशोब

सेक्टर इरेजचा हुकूम 0x20, त्यामागे तीन बाइटांचा पत्ता. पत्ता सेक्टरच्या मधला दिला तरी चिप अख्खा सेक्टर पुसते, शेवटचे बारा बिट ती विचारातच घेत नाही. 0x1800 पासून पुढचं पुसायला सांगितलं तर 0x1000 पासूनचं सगळं जातं. ड्रायव्हरने असा मधला पत्ता सरळ नाकारावा, कारण चिप तो नाकारणार नाही.

प्रत्येक पुसण्याने इन्सुलेटरचा पातळ थर थोडा झिजतो. डेटाशीट प्रत्येक सेक्टरला किमान एक लाख वेळा पुसण्याची हमी देतं. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या शीतगृहावर बसवून पाहा. 'शेवटची नोंद कुठे लिहिली' हा आकडा एकाच सेक्टरमध्ये ठेवला आणि प्रत्येक नोंदीनंतर तो पुसून नव्याने लिहिला, तर दिवसाला २८८ वेळा पुसणं होतं. लाखाची मर्यादा ३४७ दिवसांत गाठली जाते. यंत्राला वर्षही होत नाही तोवर त्याचा एक सेक्टर भरवशाचा राहत नाही, आणि नेमका तोच, ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

तो आकडा ठेवूच नये. नोंद २४ ऐवजी ३२ बाइटांची करावी आणि जास्तीच्या जागेत चढता अनुक्रमांक घालावा. पेजमध्ये बरोबर आठ नोंदी बसतात आणि सेक्टरमध्ये १२८, म्हणजे कुठलीच नोंद हद्द ओलांडत नाही. यंत्र चालू झालं की सगळ्यात मोठा अनुक्रमांक शोधायचा, त्यापुढची कोरी जागा घ्यायची. नवा सेक्टर सुरू होताना तो पुसायचा आणि शेवटच्या सेक्टरनंतर पहिल्याकडे वळायचं. आठ मेगाबाइटमध्ये २,६२,१४४ नोंदी मावतात, म्हणजे जवळपास अडीच वर्षांच्या. प्रत्येक सेक्टर अडीच वर्षांतून एकदाच पुसला जातो. किंमत एवढीच की चक्र पूर्ण झाल्यावर सर्वांत जुन्या १२८ नोंदी, म्हणजे दहा तास चाळीस मिनिटांचा इतिहास, एका दमात जातो. लिहिताना मध्येच वीज गेली तर नोंद अर्धवट राहील, ती चेकसम पकडेल.

एकच चाचणी

असा ड्रायव्हर पारखायचा तर 0x1000 चा सेक्टर पुसा आणि 0x10F0 पासून ३०० बाइट लिहा, प्रत्येक बाइट शेजारच्यापेक्षा वेगळा. बरोबर ड्रायव्हर याचे १६, २५६ आणि २८ बाइटांचे तीन तुकडे पाडेल. मग ते ३०० बाइट परत वाचा.

पहिले सोळाच बरोबर आणि पुढे सगळे 0xFF असतील, तर परवानगी एकदाच घेतली आहे. मधला मोठा तुकडा गायब आणि शेवटचे अठ्ठावीस कधी दिसतात, कधी नाही, तर बिझी फ्लॅगसाठी थांबलेलं नाही: पहिला तुकडा लिहिला जात असताना दुसऱ्याची परवानगी वाया गेली आणि तिसऱ्याची वेळ येईपर्यंत चिप मोकळी झाली असेल वा नसेल. 0x1100 च्या पुढे काहीच नाही आणि 0x1000 च्या पेजमध्ये मात्र अनपेक्षित बाइट भरलेले, तर तुकडेच पाडलेले नाहीत. शेवटी हीच चाचणी वेगळे आकडे घेऊन दुसऱ्यांदा चालवा. त्या खेपेला बाइट जागेवर आहेत, पण त्यांतले काही १ गळून ० झालेत असं दिसलं, तर पुसण्याचा हुकूम चिपने मानलेलाच नाही. मग इरेजच्या आधीचं 0x06 शोधायला लागा.